स्क्रीनवर नसलेली चूक कागदावर कुठून येते? (समस्या निवारण)

जळगावात डीटीपीच्या टेबलावर बसून मला वीसेक वर्षं झाली. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांचे अहवाल असं सगळं हातून गेलं. यंत्र कुठलंही असो, सॉफ्टवेअर कुठलंही असो, एक तक्रार मात्र ठरलेली: "भाऊ, कम्प्युटरवर तर ठीक होतं, छापल्यावर चूक कशी आली?" ती आलेली नसते, बहुतेक वेळा आधीपासूनच तिथे असते. तुमची तक्रार खालच्या लक्षणांशी जुळते का ते आधी पाहा.

लक्षणं

मजकूर तीन जणांनी स्क्रीनवर वाचला, "ओके" म्हणून पाठवला, आणि पहिली प्रिंट हातात घेतल्यावर मिनिटाभरात चूक सापडली. ती बारीकही नव्हती, शीर्षकात किंवा तारखेत होती.

ऱ्हस्व-दीर्घ उलटं झालंय, अनुस्वार गळलाय, "शेतकऱ्यांना"चं "शेतकर्यांना" झालंय. स्क्रीनवर तोच शब्द दहा वेळा डोळ्यांखालून गेला होता.

मागच्या वर्षीची एखादी गोष्ट, म्हणजे साल, वार किंवा पदाधिकाऱ्याचं नाव, नव्या मजकुरात तशीच राहिली.

दोन पानांवरचे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

मथळा पानाच्या तळाशी एकटा पडलाय आणि मजकूर पुढच्या पानावर गेलाय.

एक लक्षण मात्र वेगळ्या रोगाचं आहे. कागदावर जोडाक्षरं फुटली, मात्रा जागेवरून सरकल्या किंवा अख्ख्या ओळीची इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली, तर ती वाचणाऱ्याची चूक नव्हे. तो फॉन्टचा किंवा प्रिंटरचा दोष असतो. त्याचं खाली वेगळं सांगतो, कारण लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि प्रूफ वाचायचं सोडून प्रिंटर उघडून बसतात.

आधी एक खरं प्रकरण

अमळनेर तालुक्यातली एक विकास सोसायटी. वार्षिक सभेचा चोवीस पानी अहवाल, तीनशे प्रती. सचिवांनी मागच्या वर्षीची फाइल उघडली, नव्या नावाने सेव्ह केली आणि जिथे दिसेल तिथे बदल केले. सगळे असंच करतात, मीही करतो. मग चेअरमन, सचिव आणि मी, तिघांनी माझ्या स्क्रीनवर ती वाचली. चेअरमन म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे भाऊ, छापी टाक."

मी छापलं नाही, पाठकोऱ्या कागदांवर एक प्रूफ काढलं. पहिल्याच पानावर नोटीस होती: "शनिवार, दि. २८ सप्टेंबर २०२५". सचिवांनी कॅलेंडर पाहिलं तर त्या दिवशी रविवार. शनिवार होता तो २०२४ सालच्या २८ सप्टेंबरला. साल बदललं, वार राहिला. सभासद शनिवारी येणार की रविवारी, हा प्रश्न तीनशे घरांत गेला असता.

मग प्रत्येक पानाच्या डोक्यावर सापडलं "वार्षिक अहवाल २०२३-२४". चोवीस पानांवर चोवीस वेळा, आणि तिघांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. आतल्या पानांवर "शेतकर्यांना" दोनदा आणि एका "पाटील"चं "पाटिल".

सगळ्यात मोठी चूक सातव्या आणि पंधराव्या पानांत मिळून होती. मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक सातव्या पानावर ३,४२,१८० रुपये, आणि तीच रक्कम या वर्षाची आरंभीची शिल्लक म्हणून पंधराव्या पानावर ३,२४,१८०. दोन्ही पानं काउंटरवर शेजारी ठेवली तेव्हा ते उघड झालं. स्क्रीनवर ही दोन पानं कधी शेजारी आलीच नव्हती.

या प्रत्येक चुकीचं कारण वेगळं आहे, म्हणून तपासण्याही वेगळ्या आहेत. फुकटच्या आधी, खर्चाच्या नंतर.

पहिली तपासणी: मोठं करून पाहा

फुकट, दोन मिनिटांची. वर्डमध्ये उजव्या कोपऱ्यातला झूम १७० ते २०० टक्क्यांवर न्या आणि एकदा वाचून काढा.

का, ते आकड्यांनीच कळतं. नेहमीच्या साध्या स्क्रीनवर १०० टक्के झूमला इंचाला ९६ ठिपके असतात. १२ पॉइंटचं अक्षर म्हणजे इंचाचा सहावा भाग, म्हणजे उंचीला जेमतेम १६ ठिपके. त्या सोळांत आपल्या देवनागरीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षर आणि खाली उकार एवढं सगळं बसवायचं असतं. रोमन लिपीत इतकी दाटी नसते. अनुस्वाराच्या वाट्याला एक-दोन ठिपके येतात, आणि पहिल्या व दुसऱ्या उकारातला फरक कडेच्या राखाडी छटेत विरून जातो. तेच अक्षर ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर उंचीला १०० ठिपक्यांनी बनतं. "घ-ध", "भ-म", "ष-प" आणि आकड्यांतले "१-९" तिथे वेगळे उठून दिसतात.

आयबीएममध्ये जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात नेमकं हेच तपासलं होतं. तेव्हाच्या जाड्या पडद्यांवर प्रूफवाचन कागदापेक्षा हळू होत होतं. १९८७ मध्ये त्यांनीच जास्त सुबक अक्षर दाखवणारा पडदा घेतला, तेव्हा तो फरक जवळपास मिटला. म्हणून कुणाकडे दाट ठिपक्यांचा महागडा मॉनिटर असेल तर या कारणाचा त्याला कमी त्रास होईल. आमच्याकडच्या दुकानांतले मॉनिटर तसे नाहीत.

"शेतकर्यांना"चं थोडं वेगळं आहे. तिथे "क"च्या पुढचा अर्धा "र" चुकीचा टाइप झालेला असतो, म्हणून "ऱ्या" व्हायचं ते रफार होऊन "र्या" होतं. "आचार्यांना" बरोबर, "शेतकर्यांना" चूक. मोठं केल्यावर हा रफार लगेच दिसतो. तो शोधायला Ctrl+F मध्ये "कर्या" टाकलं तरी चालतं, फक्त फाइल युनिकोडमध्ये हवी. जुन्या श्रीलिपीच्या फाइलमध्ये हा शोध चालणार नाही.

दुसरी तपासणी: जुनं साल शोधा

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायद्याची. मागच्या वर्षीच्या फाइलवरून काम झालं असेल तर डोळ्यांवर विसंबू नका, शोधच लावा. मागच्या अहवालातलं साल दोन्ही अंकलिपींत टाका:

```
2024
२०२४
23-24
२३-२४
```

अर्धा मजकूर देवनागरी अंकांत आणि अर्धा इंग्रजी अंकांत, हे आमच्याकडे सर्रास असतं. एकच शोध लावून थांबलात तर निम्म्या चुका राहतात.

शोधानंतर पानाच्या डोक्यावर आणि तळाशी दोनदा क्लिक करून हेडर-फूटर उघडा. वर्डमध्ये मजकूर टाइप करताना हेडर फिकट करड्या रंगात दिसतं, कारण तो भाग तेव्हा तुमच्या कामाचा नाही असं वर्ड गृहीत धरतं. डोळाही मग तेच गृहीत धरतो. कागदावर मात्र हेडर बाकीच्या मजकुराइतकंच काळं छापलं जातं. वरच्या प्रकरणात चोवीस पानांवर जुनं साल राहिलं ते एवढ्याचसाठी. तिघांची नजर वाईट नव्हती.

वार आणि तारीख यांचा मेळ शोध लावून कळत नाही. त्याला कॅलेंडरच लागतं. तारीख दिसली की तिच्या शेजारचा वार कॅलेंडरवर बोट ठेवून पाहा, डोक्यात मोजू नका.

तिसरी तपासणी: मजकुराचं रूप पालटा

आपलंच लिहिलेलं आपण वाचत नाही, आठवतो. वाक्याची सुरुवात दिसली की पुढचं डोकं स्वतःच पुरवतं, आणि डोळा गळलेल्या अनुस्वारावरून सहज उडी मारतो. कागद उपयोगी पडतो तो काही अंशी यासाठीच की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि अक्षराचा पोत बदलतो, त्यामुळे आठवणीतलं पान समोरच्या पानाशी जुळत नाही. ही गोष्ट कागदाशिवायही थोडी साधता येते. फाइलची एक प्रत करा, फॉन्ट बदला (मंगल असेल तर कोकिळा किंवा निर्मला), पानाची रुंदी कमी करा आणि मग वाचा. एक रात्र मध्ये गेली तर आणखी बरं.

सावधान: हा प्रयोग प्रतीवरच करायचा, आणि मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकला की सगळ्याची इंग्रजी खिचडी होते. मी नवा होतो तेव्हा एका पत्रिकेचं असंच वाटोळं केलं होतं.

चौथी तपासणी: पीडीएफ करून अख्खं पान पाहा

आता मांडणीच्या चुका. १०० टक्के झूमला ए-फोर पान उंचीला सुमारे ११२३ ठिपके होतं, आणि साध्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर वरची पट्टी वगैरे सोडून सहाशेच्या आत ठिपके उरतात. म्हणजे तुम्ही पान बघत नाही, पानाची अर्धी खिडकी बघता आणि ती सरकवत राहता. मथळा तळाशी एकटा राहिला, तक्ता मधोमध तुटला, हे त्या खिडकीत कळणारच नाही. कागदावर पान एका नजरेत येतं. म्हणून पीडीएफ करून तो पूर्ण पानाच्या दृश्यात, दोन-दोन पानं शेजारी ठेवून बघा. तेव्हा वाचायचं नाही, फक्त आकार पाहायचे.

एक्सेलचा तक्ता असेल तर ही तपासणी चुकवूच नका. स्क्रीनवर नीट दिसणारी रक्कम छापताना अरुंद रकान्यात मावत नाही आणि तिथे `#####` येतं, कारण छापताना अक्षरांची रुंदी स्क्रीनपेक्षा किंचित वेगळी मोजली जाते. रकाना थोडा रुंद करा, काम होतं.

फॉन्टचा दोष कुठे आहे तेही इथेच कळतं. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये पीडीएफच्या गुणधर्मांत Fonts चा भाग उघडा. तुमच्या फॉन्टपुढे `Embedded` किंवा `Embedded Subset` लिहिलं नसेल, तर दुसऱ्याच्या यंत्रावर तो मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडेल आणि ओळी घसरतील. पीडीएफ ठीक आहे पण कागदावर मात्रा तुटतात, असं असेल तर छापताना Advanced मध्ये `Print As Image` निवडा. दोष गेला, तर प्रिंटर आणि फॉन्ट यांचं पटत नाही, मजकूर निर्दोष आहे. दोष राहिला, तर तो फाइलमध्येच आहे.

पाचवी तपासणी: कागद

आता खर्च होतो, पण थोडाच. पाठकोरे कागद वापरा, एका बाजूला छापा, रंग नको. ओळींत जागा जास्त ठेवा म्हणजे दुरुस्ती लिहिता येईल. आणि प्रूफ स्क्रीनसमोर बसून वाचू नका. कागद घेऊन दुसऱ्या टेबलावर जा, लाल पेन घ्या आणि वाचत असलेल्या ओळीखाली पट्टी धरा. पट्टीमुळे पुढची ओळ झाकली जाते, म्हणून डोळा पुढे पळत नाही. कागदावर डोळा आणि हात एकत्र चालतात. स्क्रीनवर हात सरकवायचं काम करतो आणि नजर त्याच्यामागे घसरत जाते.

संशोधनाचा एक आधार इथे द्यावासा वाटतो, मर्यादेसकट. २०१८ मध्ये देलगादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांचा, एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचा एकत्रित आढावा घेतला. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, आणि वेळेची घाई असेल तेव्हा तर फरक वाढतो, असं त्यात दिसलं. गोष्टी वाचताना मात्र फरक सापडला नाही. हे समजण्याबद्दल आहे, प्रूफाबद्दल थेट नाही. पण सोसायटीचा अहवाल हा माहितीचाच मजकूर, आणि तो नेहमीच घाईत असतो.

कागद एका फेरीत संपवू नका. पहिल्या फेरीत फक्त नावं, दुसरीत फक्त तारखा आणि आकडे, तिसरीत मजकूर. सगळं एकदम वाचायला गेलं की मजकूर डोळ्याला ओढून नेतो आणि आकडे राहून जातात. आकडे वाचताना दोघं बसा: एक जण मूळ वहीतून मोठ्याने म्हणतो, "तीन, चार, दोन, एक, आठ, शून्य", दुसरा प्रूफावर बोट ठेवतो. "तीन लाख बेचाळीस हजार" असं म्हणायचं नाही, कारण एकदम ऐकलेली रक्कम डोकं आपल्या सोयीने ऐकतं.

ज्या दोन पानांवर एकच आकडा असायला हवा ती पानं काढून शेजारी ठेवा. अखेरची शिल्लक आणि आरंभीची शिल्लक, सभासद यादीतला शेवटचा क्रमांक आणि अहवालातली सभासद संख्या. कागद सुटा असतो, हा त्याचा स्क्रीनवर न मिळणारा गुण आहे. आणि फरक सापडला तर त्याला नऊने भागून बघा. ३,४२,१८० आणि ३,२४,१८० यांचा फरक १८,०००, त्याला नऊने भागून २,००० येतात. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नऊने भागला जातो. भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं सिद्ध होत नाही, पण आधी तिथे बघायला हरकत नाही. आमच्या प्रकरणात सातव्या पानावरचा आकडा बरोबर होता, चार आणि दोन पंधराव्या पानावर उलटले होते.

दुरुस्त्या केल्यावर पुन्हा चौथी तपासणी करा. त्या अहवालात "शनिवार"चं "रविवार" केल्याने काही बिघडलं नाही, पण एका परिच्छेदात चार शब्द वाढले आणि अकराव्या पानाचा मथळा तळाशी जाऊन बसला. दुरुस्तीतून नवी चूक निघणं हे नेहमीचंच आहे, म्हणून दुसरं प्रूफ पहिल्याशी ताडून बघायचं, सगळं पुन्हा वाचत बसायचं नाही.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

कागद काय करत नाही तेही सांगतो. बेरीज चुकली असेल आणि दोन्ही पानांवर तीच चूक नीटनेटकी छापली असेल, तर पट्टी धरूनही ती दिसणार नाही. आकडे खरे आहेत का हा प्रश्न लेखापरीक्षकाचा किंवा सनदी लेखापालाचा, डीटीपीवाल्याचा नाही. न्यायालयात जाणाऱ्या कागदातला मजकूर वकिलांनीच कागदावर वाचावा. तिथे शब्द बदलण्याचं धाडस मी करत नाही.

दुसऱ्या प्रूफानंतरही दर पानाला नव्या चुका निघत असतील तर स्वतः वाचणं बंद करा. तुमचा डोळा त्या मजकुराला निबर झालाय, आणखी दहा वेळा वाचलं तरी तीच ओळ तशीच सुटेल. मुद्रितशोधकाला द्या. पुस्तक, स्मरणिका किंवा प्रबंध असेल तर पहिलंच प्रूफ त्यांच्याकडे जाऊ द्या. अहिराणी मजकूर असेल तर अहिराणी बोलणारा माणूस शोधा, कारण "शे"ला चूक समजून "आहे" करून टाकणारे वाचक मी पाहिले आहेत.

प्रिंटरवर सगळ्या फाइलींत एकाच जागी आडवी पट्टी, फिकटपणा किंवा पुन्हापुन्हा तोच डाग येत असेल तर मजकूर तपासू नका. कार्ट्रिज बदलून पाहा. गेला नाही तर मेकॅनिकला फोन करा आणि तोवर आतली गरम होणारी बाजू उघडू नका, बोटं भाजतात.

प्लेट गेल्यावर चूक सापडली तर प्रेसला लगेच फोन करा. छपाई सुरू झालेली नसेल तर एकच प्लेट बदलून भागतं. छापून झालं असेल तर साध्या शब्दासाठी शुद्धिपत्राची चिठ्ठी लावा. सभेच्या नोटिशीतली तारीख-वार असेल तर मात्र पेनाने खोडून वाटू नका. ती सूचना नव्याने काढायची की नाही हे सचिवांनी नियम बघून ठरवावं. अमळनेरच्या त्या अहवालात हे सगळं प्रूफावरच निभावलं. तीनशे प्रती रविवारच्या सभेला गेल्या, आणि पहिल्या प्रूफाचे लाल खुणांचे कागद सचिव मागून घेऊन गेले. पुढच्या वर्षी फाइल उघडण्याआधी ते समोर ठेवणार म्हणाले.